फ्रंट लोड की टॉप लोड? दुकानात जायच्या आधी बादली आणि घड्याळ घ्या

पत्र: आम्ही रावेतला सात मजली बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. सोसायटीचं पाणी सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सात ते आठ येतं, उन्हाळ्यात टँकर असतो. माळ्यावर ३०० लिटरची टाकी आहे. साडेसहा किलोचं जुनं टॉप लोड मशीन आता खूप आवाज करतंय, बदलावं लागणार. रोज एक लोड होतो. नवरा म्हणतो पाणी कमी आहे म्हणजे फ्रंट लोडच घ्यायचं, त्यात विचार कसला करायचा. सासूबाई म्हणतात फ्रंट लोडला वरून बादली ओतता येत नाही, पाणी गेलं की कपडे आत अडकून बसतील. त्या कॉलर आणि मोजे आधी साबण लावून भिजवतात आणि शेवटच्या पाण्याच्या दोन बादल्या संडासासाठी भरून ठेवतात. मला दोघांचंही पटतं. काय घेऊ?

उत्तर:

ताई, दोघांचंही पटतंय ते बरोबरच आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. मिस्टर लिटरबद्दल बोलतायत आणि सासूबाई पाण्याची वेळ आणि दाब याबद्दल. आपण सगळेच "पाणी कमी आहे" असं एकाच वाक्यात बोलतो पण घरात ते तीन वेगळ्या तऱ्हेने कमी असतं. दिवसभराचं मिळून कमी असतं, किंवा तासदोन तासच येतं, किंवा नळाला जोरच नसतो. फ्रंट लोड यातली पहिली अडचण सोडवतं. दुसऱ्या दोन्हींत ते टॉप लोडपेक्षा जास्त नाजूक आहे. पिंपरी चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी सुरू झालं तेव्हापासून या भागातून अशी पत्रं येतात आणि बहुतेकांत "पाणी किती वाचेल" हाच प्रश्न असतो, दाबाचं कुणी विचारत नाही. तुम्ही तर वरच्या मजल्यावर आहात, म्हणून मी दाबापासूनच सुरू करते.

तुमच्या ड्राय बाल्कनीतला मशीनचा नळ कुठल्या लाइनवर आहे ते आधी शोधा. गच्चीवरच्या टाकीतून थेट येणाऱ्या, की तुमच्या माळ्यावरच्या टाकीतून उतरणाऱ्या? बऱ्याच फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर थेट लाइनवर असतं आणि बाथरूम, ड्राय बाल्कनी माळ्याच्या टाकीवर, आणि राहणाऱ्यांना वर्षानुवर्षं हे माहीतच नसतं. शोधायला सोपं आहे. सोसायटीचं पाणी बंद असताना, म्हणजे दुपारी वगैरे, तो नळ उघडा. पाणी आलं तर तो माळ्याच्या टाकीवर आहे.

हे इतकं का महत्त्वाचं ते सांगते. मशीनमध्ये पाणी घेणारा जो व्हॉल्व्ह असतो त्यातला रबरी पडदा विजेच्या इशाऱ्यावर सुटतो खरा, पण तो पूर्ण उघडायला पाण्याचाच दाब लागतो. नळाखाली बादली धरली की पाणी येताना दिसतं म्हणून आपल्याला वाटतं पाणी आहे की, पण त्याच पाण्याला व्हॉल्व्ह नीट उघडत नाही. फ्रंट लोडला कमीत कमी दाब मॉडेलप्रमाणे साधारण ०.३ ते ०.५ बार लागतो, नेमका आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, तो दुकानात उघडून बघायचाच. आता बार म्हणजे काय, तर पाण्याची उंची. साधारण ३३ फूट उंचीवरून उतरणारं पाणी म्हणजे एक बार, म्हणजे दहा फुटांना ०.३.

तुमचं गणित करून बघू. गच्चीवरच्या टाकीचा तळ समजा स्लॅबपासून सहा फूट वर आहे. तुमचा नळ जमिनीपासून चार फुटांवर, म्हणजे तुमच्या छतापासून सहा फूट खाली. एकूण बारा फूट, म्हणजे ०.३६ बार. अगदी काठावर. त्यात पाइपात अडकलेला गाळ आणि सकाळी सगळ्या घरांत एकदम उघडे असलेले नळ धरले की त्याहून कमीच. तुमच्या खालच्या, सहाव्या मजल्यावर हेच बावीस फूट होतात आणि तिथे फ्रंट लोड आरामात चालतं, म्हणून "खालच्यांकडे चालतंय ना मग आपल्याकडे का नाही चालणार" असं धरून चालू नका. आणि नळ माळ्याच्या टाकीवर असेल तर टाकीचा तळ सात फुटांवर, नळ चार फुटांवर, फरक तीन फूट, ०.०९ बार. एवढ्यावर फ्रंट लोड नुसतं उभं राहतं, पाच सात मिनिटं पाण्याची वाट बघतं आणि स्क्रीनवर IE किंवा 4C असा कोड दाखवून थांबतं. कंपनीप्रमाणे अक्षरं बदलतात, अर्थ एकच, पाणी वेळेत भरलं नाही. लोक मशीन खराब म्हणून तक्रार करतात, माणूस येऊन नळ बघून जातो.

म्हणून दोन दिवस हे करा. वीस लिटरची बादली त्याच नळाखाली लावा आणि घड्याळ बघा. सकाळी सात वाजता एकदा, म्हणजे सगळे नळ चालू असतात तेव्हा, आणि संध्याकाळी साडेसातला एकदा. माझा ठोकताळा असा आहे की बादली तीन मिनिटांच्या आत भरली तर काळजी नाही, तीन ते सहा मिनिटं लागली तर प्लंबरकडून दाबाचा काटा लावून बघा आणि मगच ठरवा, आणि त्याहून जास्त लागली तर पंपाशिवाय फ्रंट लोडचा विचार सोडा.

पंप म्हणजे छोटा प्रेशर पंप, माळ्याच्या टाकीतून निघणाऱ्या पाइपावर बसतो, पाणी वाहायला लागलं की आपोआप चालू होतो, बंद झालं की थांबतो. काही हजारांत काम होतं आणि नळाला व्यवस्थित जोर येतो. तुमच्याकडे ३०० लिटरची टाकी आहेच, त्यामुळे मला हाच मार्ग तुमच्यासाठी सगळ्यात बरा वाटतो, कारण त्याने वेळेची अडचणही सुटते. फक्त हा पंप टाकीच्या नंतरच बसवायचा, सोसायटीच्या किंवा महापालिकेच्या येणाऱ्या लाइनवर थेट नाही. तसा लावला तर शेजारच्यांच्या नळाचं पाणी ओढलं जातं, आणि पालिकेच्या लाइनवर तर ते चालतच नाही.

आता वेळेचं. फ्रंट लोडचा सुती कपड्यांचा प्रोग्राम दीड ते तीन तास चालतो. पण तेवढा वेळ ते पाणी घेत नाही. सुरुवातीला पाच सात मिनिटं घेतं, मग बराच वेळ नुसतं फिरवत राहतं, आणि शेवटच्या तासाभरात दोन तीन खळबळण्यांसाठी परत परत घेतं. म्हणजे संध्याकाळी सातला लावलं तर धुणं होईल आणि खळबळायच्या वेळी आठ वाजून पाणी गेलेलं असेल. सासूबाई नेमकं हेच सांगतायत आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दार लॉक, आत साबणाचं पाणी, आणि वरून बादली ओतायला जागा नाही. साबणाच्या खणातून मगने पाणी ओतता येतं, अडीअडचणीला लोक करतातही, पण प्रत्येक खळबळण्याला बारा पंधरा लिटर तसं ओतत उभं राहणं म्हणजे शिक्षाच. नळ माळ्याच्या टाकीवर आणि मध्ये पंप असेल तर हा प्रश्नच राहत नाही, दुपारी दोनला मशीन लावा. टाकीवर नसेल, थेट लाइनवर असेल, तर एकच वेळ, सकाळी पाणी आल्या आल्या, आणि तोही दीड तासाच्या आतला प्रोग्राम.

मग राहिले लिटर. इथे मिस्टरांचं बरोबर आहे, पण किती बरोबर ते तुमचं जुनं मशीन अजून चालू आहे तोवर मोजून घ्या. आउटलेट पाइप नाणीट्रॅपमध्ये न सोडता बादलीत सोडा आणि बादल्या मोजा. टॉप लोडचा पाइप खाली जमिनीलगत असतो, त्यामुळे बुटक्या बादल्या किंवा घमेली लागतील, दोघं जण असलेले बरे. मी आमचं जुनं टॉप लोड काढायच्या आधी असंच मोजलं होतं. पाण्याची मधली पातळी, नेहमीचा प्रोग्राम, धुण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या आणि वर थोडं, खळबळण्याचं तेवढंच, आणि स्पिनच्या वेळी मारलेल्या फवाऱ्याचं अजून अर्धी पाऊण बादली, मिळून ११० लिटरच्या आसपास. नवीन सात किलोचं फ्रंट लोड मोजलं तर पंधरा सोळा लिटर धुण्याला आणि तीन वेळा बारा तेरा खळबळण्याला, ५५ च्या आसपास. साधारण निम्मं.

तुमच्याकडे रोज एक लोड म्हणजे आठवड्याला ७७०. फ्रंट लोड सात किलोचं घेतलंत तर थोडे कपडे जास्त मावतात, सातच्या जागी सहा लोडमध्ये भागेल, म्हणजे ३३०. आठवड्याला ४४० लिटर वाचले, दिवसाला ६० च्या वर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी हिशेब धरला तर तुमच्या पाच जणांचे ६७५ होतात, त्यातले ६० म्हणजे नऊ दहा टक्के. चांगलीच बचत आहे. पण यावर टँकर बंद होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि सासूबाई भरून ठेवतात त्या दोन बादल्या या हिशेबात धरायलाच हव्यात. ते ४० लिटर तुम्ही आत्ताही परत वापरताय, म्हणजे टॉप लोडने खरं खर्च केलेलं पाणी ११० नाही, ७० आहे. एखादं घर सगळंच्या सगळं पाणी फ्लश आणि लादीला वापरत असेल तर त्या घरात फ्रंट लोड आणून काहीच वाचणार नाही, कारण मशीनमधून येणारं पाणी कमी झालं की फ्लशला तेवढं नळाचं लागणार. अशा घरांनी उगाच दहा बारा हजार जास्त घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त त्या बादल्या कोण उचलतं तेही बघा. आपल्याकडच्या पुष्कळशा टॉप लोडना पाणी बाहेर ढकलणारा पंप नसतो, पाणी नुसतं उताराने खाली येतं, म्हणून ते बुटक्या बादलीतच धरावं लागतं आणि उचलून ओतावं लागतं. सासूबाईंच्या वयात रोज दोन भरलेल्या बादल्या वाकून उचलायच्या हे काही बरं नाही. फ्रंट लोडला पंप असतो, तो पाणी दोन तीन फूट वर सहज चढवतो, म्हणजे पाइप थेट उभ्या ड्रमच्या तोंडाशी अडकवता येतो आणि ड्रमला खाली तोटी बसवून घेतली की वाकायचं काम नाही. शंभर लिटरच्या ड्रममध्ये एका लोडचं सगळं पाणी मावतं. ते दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा, जास्त ठेवलं तर वास मारायला लागतं.

पाइपचा विषय निघालाच आहे तर ही एक गोष्ट नीट वाचा, कारण टॉप लोडवरून फ्रंट लोडवर जाणाऱ्या घरांत हीच चूक होते आणि आमच्या घरीही झाली. मशीन बसवायला आलेल्या माणसाने जुन्या मशीनचा पाइप जिथे होता तिथेच, जमिनीवर नाणीट्रॅपमध्ये, नव्याचा पाइप सोडला आणि गेला. पहिले चार दिवस मशीन संपायचं नावच घेईना. एक तासाचा प्रोग्राम अडीच तास. मी स्टूल घेऊन समोर बसले तेव्हा दिसलं की काचेत पाणी चढायचं, खाली जायचं, परत चढायचं, आणि कान दिला तर पाणी घेतानाच नाणीत बारीक धार चालू. फ्रंट लोडचा आउटलेट जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर अडकवलेला पाहिजे. खाली सोडला की पाणी आपोआप ओढलं जाऊन बाहेर जातं, मशीनला वाटतं भरलंच नाही, ते अजून घेतं. पाणी वाचवायला आणलेलं मशीन चार दिवस दुप्पट पाणी पीत होतं. पाइप भिंतीला हूक मारून वर अडकवला आणि त्या दिवसापासून सगळं बरोबर. ड्रममध्ये सोडलात तरी पाइपचं टोक पाण्यात बुडता कामा नये, वरच राहिलं पाहिजे.

दुसरी सवय बदलावी लागेल ती साबणाची. फ्रंट लोडमध्ये पाणीच थोडं, त्यात साधी हातधुण्याची पावडर टाकली किंवा मापापेक्षा जास्त टाकली की फेस इतका होतो की मशीन तो घालवायला स्वतःहून अजून एकदा खळबळतं, म्हणजे गेले बारा लिटर. फ्रंट लोडसाठीची कमी फेसाची पावडर किंवा लिक्विड घ्या आणि मापात टाका. सासूबाई वडीचा साबण लावून कॉलर भिजवतात, तो कपडा न पिळता तसाच आत गेला तरी हेच होणार. पण त्यांना एवढं भिजवावं लागतं कारण थंड पाण्यात कॉलर निघत नाही. फ्रंट लोडला हीटर असतो, गणवेशांचा लोड ४० डिग्रीवर लावून बघा, बहुतेक कॉलर आणि मोजे तसेच निघतात, आणि भिजवण्याच्या बादल्याही वाचतात. त्या बादल्या आपण कधी मशीनच्या हिशेबात धरतच नाही. सासूबाईंना "तुमची पद्धत चुकीची" असं सांगू नका हं, एक आठवडा दोन्ही पद्धतींनी एकेक शर्ट धुऊन त्यांच्याच हातात द्या.

उन्हाळ्यातल्या टँकरचं थोडक्यात. ते पाणी बोअरचं असेल तर जड असतं, हीटरवर पांढरा थर बसतो, आणि गाळ असेल तर मशीनच्या मागे पाइप लागतो तिथली बारीक जाळी तुंबते. जाळी तुंबली की परत तोच पाणी भरत नसल्याचा कोड येतो आणि लोक दाबाला दोष देतात. उन्हाळ्याचे चार महिने दर पंधरा दिवसांनी नळ बंद करून पाइप काढायचा, जाळी पक्कडीने हळूच ओढून ब्रशने धुवायची, दहा मिनिटांचं काम आहे. हीटरसाठी थर काढायची पावडर दोन महिन्यांतून एकदा घालून रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवायचं. रोजचे कपडे थंड पाण्यावर आणि गणवेश तेवढे गरमवर, असं ठेवलंत तर थरही कमी बसेल आणि विजेचं बिलही.

तर तुमच्यासाठी मी असं सांगेन. नळ माळ्याच्या टाकीवर असेल किंवा प्लंबर तो सहज टाकीवर घेऊन देत असेल तर पंप बसवा आणि सात किलोचं फ्रंट लोड घ्या, पंपाचे पैसे मशीनच्या बजेटमध्येच धरून. नळ थेट लाइनवर आहे, बदलता येत नाही, पण बादली तीन मिनिटांत भरते, तर फ्रंट लोड चालेल पण फक्त सकाळी, आणि रोज सकाळी डबे, शाळा यांच्यात साडेसहाला मशीन लावणं तुमच्या घरात खरंच जमतंय का ते स्वतःला विचारून. बादलीला सहा मिनिटं लागतायत आणि फ्लॅट भाड्याचा आहे किंवा पंप बसवायची सोय नाही, तर टॉप लोडच घ्या आणि बिलकुल वाईट वाटून घेऊ नका. फक्त कमी दाबावर भरणारं घ्या, दुकानात झिरो प्रेशर म्हणून सांगतात, आणि पाण्याची पातळी हाताने कमी करता येते का ते बघा, म्हणजे अर्ध्या लोडला पूर्ण टब भरणार नाही.

ज्या वाचकांकडे पाणी दिवसातून अर्धा तासच येतं आणि माळ्यावर टाकीही नाही, त्यांनी या दोन्हींच्या मध्ये न अडकता सेमी ऑटोमॅटिकचा विचार करा. बादलीने भरता येतं, आणि एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे मग रंगीत असे दोन घाणे काढता येतात, हे ऑटोमॅटिकमध्ये सहज जमत नाही. हाताला काम पडतं हे खरं, ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकायला कुणीतरी उभं राहावं लागतं, पण पाणी किती घ्यायचं हे पूर्ण तुमच्या हातात.

उद्या दुपारी तेवढा तो ड्राय बाल्कनीतला नळ उघडून बघा. काय निघालं ते कळवा, आणि बादलीची वेळही, सकाळची आणि संध्याकाळची वेगवेगळी.